लाल वीट घ्यावी की पिवळसर? भट्टीवर उभं राहून कसं ठरवायचं

प्रश्न: कराड तालुक्यात गावाकडे दोन खोल्यांचं घर बांधतोय. वर फक्त स्लॅब, मजला नाही. गवंड्यानं ९×४×३ च्या सात हजार विटा सांगितल्यात. दोन भट्ट्या बघितल्या. एकाची वीट लालभडक, देखणी. दुसऱ्याची पिवळसर, पण हजारी भाव बाराशे रुपयांनी कमी. गवंडी म्हणतो वाजवून घ्या, मेहुणा म्हणतो रंग बघा, कोणी म्हणतं पाण्यात टाका. आम्हाला यातलं काही कळत नाही. नक्की काय बघायचं?

उत्तर: तिघंही बरोबर सांगतायत, पण प्रत्येकाची परीक्षा वेगळ्या दोषाची आहे. रंग आणि आवाज भट्टीवर पाच मिनिटांत बघून होतात, त्यांनी वाईट माल बाजूला पडतो. घ्यायचा की नाही हे मात्र पाण्यानं ठरवायचं. तुमच्यासारख्या घरात तर जास्तच, त्याचं कारण आधी सांगतो.

लोक विटेची ताकद विचारतात. एकमजली घराची ९ इंची भिंत, १० फूट उंच, वर स्लॅब. भिंतीचं स्वतःचं वजन आणि स्लॅबचा भार मिळून सगळ्यात खालच्या थरावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब येतो. आयएस १०७७ या मानकातला सगळ्यात खालचा वर्ग ३५ किलोचा आहे. सुटी वीट आणि बांधलेली भिंत यांत फरक असतो, म्हणून हिशेबात तिच्या दहाव्या भागाएवढाच दाब धरतात, तरी साडेतीन किलो झाले. म्हणजे बरी भाजलेली कुठलीही वीट तुमचं घर पेलते. अशी घरं विटेच्या ताकदीअभावी पडलेली मी तरी पाहिली नाहीत. पावसाळ्यात ओल धरलेली, प्लास्टर फुगलेली, खालच्या तीन फुटांत विटेचा भुगा झालेली घरं मात्र भरपूर पाहिली. म्हणून वीट किती पाणी पिते, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

आता रंग. विटेला लाली येते ती मातीतल्या लोहामुळे. भट्टीत हवा मोकळी खेळली आणि आच पुरेशी लागली की ते लोह तांबडं होतं. कृष्णाकाठच्या पोयट्याची वीट म्हणून छान लाल येते. पण त्याच मातीत चुना जास्त असेल तर तो लोहाची लाली मारतो आणि पूर्ण भाजलेली वीटही पिवळसर, बिस्किटी दिसते. काळ्या रानाची माती मिसळली असली की असं होतं. उलट पोयट्याची कच्ची वीटही फिकट, पिवळट-नारिंगी दिसते. पिवळ्या रंगाची अशी दोन कारणं आहेत आणि नुसतं बघून ती वेगळी करता येत नाहीत. त्यामुळे दोन वेगळ्या भट्ट्यांच्या विटा रंगावरून एकमेकींशी ताडू नका. एकाच भट्टीच्या, एकाच मातीच्या विटांमध्ये मात्र रंग खरं बोलतो. ढिगाचा बहुतेक माल लाल आहे आणि मधूनच फिकट विटा डोकावतायत, तर त्या बाहेरच्या थरातल्या, आच न लागलेल्या.

आपल्याकडच्या उघड्या भट्टीत हे होणारच. कच्च्या विटा रचून, मध्ये कोळसा, भुसा, राख घालून पेटवतात. मधल्या विटांना आच जास्त, कडेच्या आणि वरच्या थराला कमी. आगीला अगदी चिकटलेल्या वितळून काळपट, वेड्यावाकड्या होतात, त्या झामा. एका भट्टीतून अव्वल, फिकी आणि झामा असा तिन्ही माल निघतो, आणि भरताना तो किती प्रामाणिकपणे वेगळा केला यावर तुमची ट्रॉली ठरते.

म्हणून रंग बाहेरून बघून थांबू नका, वीट फोडा. भट्टीवाला कुरकुर करेल, दोन विटांचे पैसे द्या. तुटलेल्या तोंडावर कण घट्ट, एकसारखे, दाणेदार दिसले पाहिजेत. मध्ये काळा किंवा करडा पट्टा दिसला की लोक वीट कच्ची म्हणून टाकतात, तिथे चूक होते. मातीत उसाचा भुसा किंवा कोळशाची राख मळलेली असेल तर आतला कोळसा हवा न मिळाल्यानं पूर्ण जळत नाही, तो काळा गाभा. गाभ्यावर खिळ्यानं ओढा. टणक असेल, खरखर करून जेमतेम पांढरी रेघ उठली, तर वीट चालेल. खिळा आत रुतला आणि माती निघाली, तर गाभा काळा असो वा तांबूस, ती कच्चीच.

अजून एक छोटी गोष्ट, मी नेहमी करतो. फोडलेल्या विटेचा सुपारीएवढा तुकडा घरी आणून पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवतो. सकाळी तुकड्याची कोर अंगठ्यानं चोळायची. भाजलेल्या विटेची कोर शाबूत असते, पाण्यात थोडीशी लाल धूळ तळाला बसलेली असते. कच्च्या विटेची कोर बोटाखाली लोण्यासारखी जाते आणि पाणी गढूळ होतं. भाजलेली माती पाण्यात परत कधी चिखल होत नाही, न भाजलेली होते, एवढाच त्यातला मुद्दा.

आवाजाचं असं, की बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो तशीच ही परीक्षा आहे. दोन्ही हातांत एकेक वीट घ्या, पण गच्च धरू नका. बोटांच्या टोकांनी सैल धरा, तळहात लागला की तो आवाज खातो. मग लांब बाजू एकमेकींवर आपटा. पक्की वीट खणकन वाजते आणि आवाज क्षणभर रेंगाळतो. कच्ची वीट बद्द वाजते, लाकडावर मूठ मारल्यासारखी. तिसराही आवाज असतो, फुटक्या मडक्यासारखा चिरका. त्या विटेत आतून तडा आहे, मग ती कितीही भाजलेली असो. एकाच जोडीवरून ठरवू नका. बद्द आवाज आला तर दोघींपैकी दोषी कोण कळत नाही, म्हणून खणखणीत ठरलेली एक वीट उजव्या हातात कायम ठेवा आणि डाव्या हातात एकेक बदलत जा. वीस विटा अशा वाजवायला दहा मिनिटं लागत नाहीत.

ओल्या विटेला आवाज नसतो, हे पक्कं लक्षात ठेवा. छिद्रांत पाणी भरलं की चांगली वीटही बद्द वाजते. मी स्वतः एकदा यात फसलो. जुलैचा महिना, मालकाला घाई. एका भट्टीवर ताडपत्रीशिवाय भिजलेला ढीग होता, वाजवला, बद्द. माघारी फिरलो आणि लांबून, जास्त भाड्यानं माल आणला. मात्र नमुन्याच्या चार विटा गाडीत तशाच राहिल्या होत्या. पंधरा दिवसांनी वाळल्यावर सहज आपटल्या, तर घंटेसारख्या वाजल्या. मालकाला ते सांगायचं धाडस आजतागायत झालेलं नाही. भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाआधी बंद होतात, तेव्हा एप्रिल-मेमध्येच माल बघितला तर ही भानगड येत नाही. पावसात घ्यायची वेळ आलीच तर नमुना घरी आणून, वाळवून मगच वाजवा.

आवाजाला न सापडणारा एक दोष आहे, आणि तुमच्या पिवळसर विटेच्या बाबतीत मला त्याचीच काळजी आहे. तो म्हणजे चुनखडी. काळ्या रानाच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. ते बारीक दळले गेले तर काही त्रास नाही, फक्त रंग पिवळसर होतो. पण हरभऱ्याएवढे खडे तसेच राहिले तर भट्टीच्या आचेत त्यांचा कळीचा चुना होतो. पुढे कधीतरी त्याला पाणी लागलं की तो फुलतो, आणि फुलताना वरची वीट उडवतो. २०११ साली फलटणकडे एका घराला मी अशाच विटा वापरल्या. रंग बरा, आवाज खणखणीत, भाव कमी, मी खूश. पहिल्या पावसाळ्यानंतर मालकाचा फोन आला की भिंतीला देवी आल्यात. जाऊन बघतो तर प्लास्टरमधून जागोजागी शंकूसारखे खपले उडालेले, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. वरून कितीही प्लास्टर करा, आतला चुना फुलायचा संपेपर्यंत ते चालूच राहतं. आम्ही ती भिंत दोन वर्षं तशीच ठेवली आणि मग गिलावा केला. तेव्हापासून पाण्यात टाकल्याशिवाय मी एकही ट्रॉली उतरवून घेतलेली नाही.

आता पाण्याची परीक्षा घरी कशी करायची ते सांगतो. दोन्ही भट्ट्यांवरून प्रत्येकी पाच विटा आणा. मालक काढून देईल त्या नकोत. ढिगाच्या वरून, खालून, कडेनं आणि मधून तुम्ही स्वतः काढा, आणि त्यात एक फिकट दिसणारी मुद्दाम घ्या. प्रत्येकीवर खडूनं नाही, खिळ्यानं खूण करा, खडू पाण्यात जातो.

आधी त्या कोरड्या करायच्या. प्रयोगशाळेत विटा ओव्हनमध्ये ११० अंशांच्या आसपास, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवतात. आपल्याकडे पत्र्यावरचं मे महिन्याचं ऊन आहे. दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, संध्याकाळी आत घ्या, रोज संध्याकाळी वजन करा. सलग दोन दिवस वजन तेच आलं की वीट वाळली. काटा किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक चालतो, दहा ग्रॅम दाखवणारा असला की पुरे. उन्हात वाळवलेल्या विटेत थोडी ओल राहतेच, म्हणून घरचा आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो, हे ध्यानात असू द्या.

मग विटा टबात पूर्ण बुडतील अशा २४ तास ठेवा. टाकताना बघत राहा. बुडबुडे सगळ्याच विटांना येतात, पण फसफसून येत राहिले तर वीट फार सच्छिद्र आहे. दुसऱ्या दिवशी एकेक वीट बाहेर काढून ओल्या फडक्यानं वरचं पाणी टिपा आणि लगेच, दोन-तीन मिनिटांच्या आत, वजन करा. ओल्या वजनातून कोरडं वजन वजा करा, त्याला कोरड्या वजनानं भागा, शंभरानं गुणा. आयएस १०७७ प्रमाणे साध्या विटेला हा आकडा २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. १२५ किलोच्या वरच्या वर्गाच्या विटेला हीच मर्यादा १५ टक्के आहे, पण तुम्हाला ती वीट लागत नाही.

मागच्या वर्षी एका कामावर मी पाच विटांची अशीच नोंद केली होती, ती वहीतून उतरवतो. पहिली कोरडी २.९४० किलो, भिजल्यावर ३.४१०, म्हणजे ४७० ग्रॅम पाणी, १६ टक्के. दुसरी २.९१० ची ३.४०० झाली, जवळजवळ १७ टक्के. तिसरी २.९८० ची ३.४४०, साडेपंधरा टक्के. चौथी २.७८० ची ३.४२० झाली, ६४० ग्रॅम पाणी प्यायली, २३ टक्के. पाचवी ३.०६० ची ३.३५०, जेमतेम साडेनऊ टक्के.

पाचांची सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास येते. भट्टीवाला तेवढीच दाखवून मोकळा झाला असता, आणि कागदावर माल पासही आहे. पण मला त्यात तीन वेगळ्या विटा दिसतात. पहिल्या तीन एकाच आचेच्या, त्याच तुमच्या कामाच्या. चौथी बाहेरच्या थरातली कच्ची. ती सुकी असतानाच बाकीच्यांपेक्षा हलकी होती, आणि बद्द वाजत होती. पाचवी झामाकडे झुकलेली. कमी पाणी पिते म्हणून ती सगळ्यात चांगली, असं समजू नका. विटेनं मसाल्यातलं थोडं पाणी ओढलं तरच सिमेंटचा मसाला तिला धरतो. पाणी न ओढणारी वीट मसाल्यावर तरंगते, थर सरकतो, आणि तिची बाजू वाकडी असेल तर सांधा एकीकडे पातळ, एकीकडे जाड होतो. म्हणून मी सरासरीपेक्षा विटाविटांमधला फरक बघतो. सगळ्या १८ टक्क्यांच्या असतील तर मला आनंद आहे. ९ पासून २३ पर्यंत पसरलेल्या असतील तर माल निवडलेला नाही, आणि गवंड्याच्या हाताखाली निवड होत नसते. त्या कामावर आम्ही भट्टीवाल्याला वही दाखवली. त्यानं थोडी कटकट करून फिकट विटा वेगळ्या काढल्या. शंभरात दहा-बारा निघाल्या.

वजन झालं की विटा फेकू नका, परीक्षा अर्धीच झालीय. त्या सावलीत ठेवा आणि आठवडाभर रोज सकाळी पाणी शिंपडा. चुनखडी असेल तर या दिवसांत पांढऱ्या ठिपक्याभोवती बारीक तडे उठतात किंवा टवका उडतो. आठवडाभरात न फुललेला खडा पुढे फुलणारच नाही असं नाही, पण मोठे खडे बहुतेक तेवढ्यात दिसतात. फोडलेल्या विटेच्या तोंडावरही बघा, पांढरे दाणे डोळ्यांना दिसतात. मग एका विटेला उभी करून ताटलीत इंचभर पाण्यात ठेवा आणि पाणी आटू द्या, परत एकदा घाला, परत आटू द्या. वर पांढरी पूड आली तर ते क्षार, ज्याला आपण लोणा म्हणतो. अंगाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी पांढरा झाला तर फार मनावर घेऊ नका. निम्मी वीट पांढरी झाली तर सोडून द्या. पाणी मात्र पावसाचं किंवा आरओ फिल्टरचं घ्या. बोअरच्या पाण्यातच क्षार असतात आणि बिचाऱ्या विटेवर आळ येतो.

या सगळ्याला दहा-बारा दिवस लागतात. तुमच्याकडे तेवढे नसतील तर निदान सुपारीएवढा तुकडा पाण्यात टाकणं आणि २४ तासांचं वजन सोडू नका. आकडा २० च्या अगदी आसपास घुटमळत असेल तर घरच्या काट्यावरून भट्टीवाल्याशी भांडू नका, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत नमुने द्या. आणि हे सगळं भाजक्या मातीच्या विटेपुरतं. उद्या कोणी राखेची करडी वीट दाखवली तर तिला लाली नसते आणि तिचा आवाजही वेगळा, तिला या मापानं तोलू नका.

तुमच्या सौद्याबद्दल. सात हजार विटांना बाराशेच्या फरकानं ८,४०० रुपये वाचतायत, ती रक्कम लहान नाही. पिवळसर विटेत खिळा रुतला नाही, वीट वाजली, पाणी १८-१९ टक्क्यांच्या आत राहिलं आणि आठवडाभरात एकही टवका उडाला नाही, तर बिनदिक्कत ती घ्या, प्लास्टरखाली रंग कोणाला दिसतो? फक्त चुनखडीचा एक जरी खडा फुलला तर मग भाव निम्मा केला तरी नको. लाल विटेलाही तीच परीक्षा द्या, देखणी आहे म्हणून सूट नाही. लाल माल निवडलेला नसेल तर आधी कच्च्या विटा वेगळ्या काढायला लावा, मग भावाचं बोला.

बयाणा परीक्षेनंतर द्या. पसंत पडलेल्या दोन विटा खूण करून घरी ठेवा आणि पहिली ट्रॉली उतरताना तुम्ही किंवा घरचं कोणी हजर राहा. नमुना एक आणि माल दुसरा, हा प्रकार कराडलाच होतो असं नाही, सगळीकडे होतो. ट्रॉलीच्या वरच्या नाही, मधल्या थरातल्या दहा विटा काढून घरच्या नमुन्यावर वाजवा. दोनपेक्षा जास्त बद्द वाजल्या तर तिथेच थांबवा. उतरवून घेतलेली वीट परत जात नाही. झामा आल्याच तर जोत्याच्या आत, फरशीखालच्या सोलिंगला टाका, तिथे त्या उत्तम.

बांधकामाच्या दिवशी गवंड्याला विटा भिजवायला लावा, पण किती ते विटेला विचारा. विटेवर रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ काढून त्यात पाण्याचे २० थेंब सोडा. दीड मिनिटाच्या आत जिरले तर वीट तहानलेली आहे, तशीच लावली तर मसाल्याचं पाणी ओढून घेईल आणि सांधा भुसभुशीत राहील. तिला पाण्यात बुडवून, बुडबुडे थांबले की बाहेर काढा आणि वरचं पाणी उतरल्यावर लावा. टपटपत्या विटेवर थर सरकतो. थेंब दीड मिनिटानंतरही वर तसेच असतील तर नुसता हबका पुरे.